नंबर काढला, पडदा राहिला

कन्हान नदीच्या काठी, सावनेर तालुक्यात वसलेल्या खाप्यात ल्युपसच्या किंवा आमवाताच्या एखाद्या रुग्णाला "डोळे तपासले का?" असं विचारलं, तर बहुतेक वेळा "हो जी, मागच्याच साली नंबर काढला" असं उत्तर मिळेल. ते खोटं नसतं. चष्म्याच्या दुकानात नंबर काढलेला असतो, मोतीबिंदूच्या शिबिरात कुणीतरी टॉर्च मारून पाहिलेलं असतं, भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळही वाचून झालेली असते. पण हा रुग्ण वर्षानुवर्षं जी गोळी घेतोय, तिच्यामुळे डोळ्याला जे होऊ शकतं ते यातल्या एकाही तपासणीत सापडत नाही. शेवटची ओळ व्यवस्थित वाचणाऱ्या डोळ्यातही ते सुरू झालेलं असू शकतं.

ही गोळी म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. औषधांच्या दुकानात ती 'एचसीक्यू' म्हणून ओळखली जाते आणि जुन्या माणसांच्या लेखी ती 'मलेरियाची गोळी' असते. या औषधाचा डोळ्यावर होणारा परिणाम, तो ओळखण्याच्या तपासण्या आणि त्यांचं वेळापत्रक यांबद्दलची समज गेल्या दहा-बारा वर्षांत बरीच बदलली आहे. बदललेलं सगळं नागपूरपर्यंत पोचलं असेलही, पण चिठ्ठी लिहिताना आणि गोळी देताना अजून जुनेच अंदाज वापरले जातात. त्या बदलाचा हा आढावा आहे.

आधी गोळीची बाजू मांडायला हवी, कारण पुढचं वाचून कुणी ती फेकून दिली तर या लेखानं नुकसानच केलं असं होईल. मलेरियाच्या औषधांनी ल्युपसचे चट्टे बसतात हे 19व्या शतकाच्या अखेरीस क्विनीनच्या वापरातून दिसलं होतं. क्लोरोक्विन 1934 साली जर्मनीत तयार झालं, त्याचंच थोडं सौम्य भावंड असलेलं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन 1946 मध्ये बनवलं गेलं आणि 1955 पासून ते अमेरिकेत वापरात आलं. त्याची खरी किंमत कळायला मात्र 1991 उजाडावं लागलं. कॅनडातल्या डॉक्टरांनी या औषधावर स्थिर असलेले ल्युपसचे 47 रुग्ण घेतले. 25 जणांचं औषध चालू ठेवलं आणि 22 जणांना त्यासारखीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. सहा महिन्यांत औषध चालू असलेल्यांपैकी 9 जणांचा आजार उसळला, तर बंद झालेल्यांपैकी 16 जणांचा. उसळण्याचा धोका अडीचपट झाला होता. आज ल्युपसच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला, गरोदरपणातसुद्धा, हे औषध चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो. आमवातात ते सहसा मेथोट्रेक्सेटच्या जोडीला असतं. तिथं पर्याय बरेच आहेत, ल्युपसमध्ये तेवढे नाहीत. म्हणून डोळ्याची तपासणी सांगताना हेतू नेमका ठेवावा लागतो. औषध निर्धास्तपणे वीस-पंचवीस वर्षं घेता यावं, यासाठी ती करायची असते.

आता डोळ्यात काय होतं ते पाहू. डोळ्याच्या मागच्या पडद्यामागे, म्हणजे दृष्टिपटलाच्या बाहेरच्या अंगाला, काळसर रंगद्रव्य असलेल्या पेशींचा एक थर असतो. प्रकाश टिपणाऱ्या पेशींची झाडलोट आणि खाणंपिणं हा थर सांभाळतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या रंगद्रव्याला चिकटतं आणि तिथं साचत राहतं. शिवाय पेशींच्या आत कचरा पचवणाऱ्या ज्या सूक्ष्म पिशव्या असतात, त्यांच्यातली आम्लता ते कमी करतं. ल्युपसमध्ये याच गुणाचा फायदा होतो असं मानलं जातं आणि डोळ्यात बहुधा तोच नडतो. वर्षानुवर्षांनी मध्यबिंदूच्या भोवतालच्या, प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरू लागतात. नेमका मधला बिंदू, जिथून आपण अक्षर वाचतो, तो मात्र बराच काळ शाबूत राहतो. त्यामुळे तक्ता वाचता येतो. नुकसान त्या बिंदूभोवती कड्यासारखं पसरत जातं आणि कडं पुरं होऊन रंगद्रव्याचा थरही उडाला की आत पाहणाऱ्या डॉक्टरांना नेमबाजीच्या लक्ष्यासारखी वर्तुळं दिसतात. पाठ्यपुस्तकांत याच अवस्थेचं चित्र छापलेलं असतं, आणि माझ्या मते त्या चित्रानं बरंच नुकसान केलं आहे. ते इतकं ठसठशीत आहे की आजार असाच दिसतो असा समज होतो. खरं तर ती शेवटची अवस्था असते.

क्लोरोक्विनमुळे डोळ्याचा पडदा बिघडतो हे 1957 ते 1959 या काळातच युरोपात नोंदलं गेलं होतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन त्यापेक्षा सुरक्षित असल्यामुळे पुढं कित्येक वर्षं 'हजारात एखाद्याला' असाच अंदाज चालत राहिला. हा अंदाज चुकला, कारण तपासणीची साधनं ठसठशीत वर्तुळांच्या आधीचं काही पाहूच शकत नव्हती. 2014 मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेत मेलेस आणि मार्मर यांनी पाच वर्षांहून अधिक काळ औषध घेतलेल्या 2361 जणांचे डोळे नव्या यंत्रांनी तपासले. साडेसात टक्के लोकांत पडद्याला इजा सापडली. त्यांच्या आकडेवारीचं खरं महत्त्व पुढच्या तपशिलात आहे. रोजचा डोस वजनाच्या प्रत्येक किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या आत असेल, तर पहिल्या दहा वर्षांत हा धोका दोन टक्क्यांहून कमी असतो, पण वीस वर्षांनंतर तो वीस टक्क्यांच्या आसपास जातो. डोस 5 च्या वर असेल, तर दहा वर्षांतच साधारण दहा टक्के आणि वीस वर्षांनी चाळीस टक्क्यांच्या जवळपास. किडनीचा आजार असेल तर धोका दुप्पट. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर साडेचारपट.

त्याच गटानं 2023 मध्ये आणखी 3325 रुग्णांचा अभ्यास मांडला आणि त्यात थोडा दिलासाही आहे. पंधरा वर्षांत एकूण 8.6 टक्के लोकांना इजा झाली, पण मध्यम किंवा तीव्र इजा जेमतेम एक टक्क्याला. डोसाप्रमाणे वाटणी केली की चित्र आणखी स्पष्ट होतं. किलोमागे 6 मिलिग्रॅमच्या वर घेणाऱ्यांत 21.6 टक्के, 5 ते 6 मध्ये 11.4 टक्के, आणि 5 किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत 2.7 टक्के. म्हणजे पंधरा वर्षांनंतरची तफावत आठपट आहे. डोळ्याच्या कुठल्याही यंत्राआधी वजनकाट्याकडे जावं, हे या तीन आकड्यांवरून दिसतं.

वजनाचा हा हिशेब आपल्याकडे फार सहज चुकतो, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. गोळी येते 200, 300 आणि 400 मिलिग्रॅमची. किलोमागे 5 या मर्यादेत रोज 400 घ्यायची तर रुग्णाचं वजन 80 किलो हवं. खाप्यात आमवातानं सांधे धरलेल्या बाईचं वजन 80 असेल का, याचं उत्तर ज्याला गाव माहीत आहे त्याला शोधावं लागत नाही. पन्नास किलोच्या बाईला रोज 250 मिलिग्रॅमहून अधिक चालत नाही, आणि 250 ची सोय चिठ्ठीत सरळ मावत नाही. मग 'दोनशे सकाळी, दोनशे रात्री' असं लिहिलं जातं. ते लक्षात ठेवायला सोपं असतं, शिवाय गोरगरीब रुग्णाला सांगायलाही. नेमका तोच डोस या बाईला जास्त होतो.

एक उदाहरण घेऊ. ही बाई कुणी प्रत्यक्षातली नाही, पण तिच्यातला एकही तपशील अवघड कल्पनेचा नाही. समजा तिचं वय 45 आहे आणि नऊ वर्षांपूर्वी नागपुरात तिला ल्युपस निघाला. गालांवर चट्टे, बोटांचे सांधे सुजलेले, लघवीत प्रथिनं. स्टेरॉइडनी तेव्हा चेहरा आणि अंग भरलं होतं, वजन 58 किलो होतं. रोज 400 सुरू झालं. तेव्हाच ते किलोमागे 6.9 पडत होतं. पुढं स्टेरॉइड कमी झालं, सूज उतरली, वजन 48 वर आलं. गोळी मात्र तीच राहिली. आता किलोमागे 8.3 मिलिग्रॅम. गोळी वाढवली कुणीच नाही, तरी डोस वाढला. ही चूक चिठ्ठीत दिसत नाही, कारण चिठ्ठीत वजन लिहिलेलंच नसतं.

दुसरी गोष्ट तिच्या रक्ताच्या कागदावर आहे. क्रिएटिनिन 1.3 आलेलं आहे. बाजूला छापलेल्या मर्यादेहून थोडंसंच जास्त, म्हणून कुणी फारसं मनावर घेत नाही. पण 45 वर्षांच्या बाईच्या बाबतीत हाच आकडा किडनीची गाळण्याची ताकद मिनिटाला साधारण 52 मिलिलिटर असल्याचं सांगतो, आणि ही ताकद 60 च्या खाली गेली की तो डोळ्यासाठी जोखमीचा घटक मानला जातो. हे औषध शरीराबाहेर जाण्याच्या वाटांपैकी किडनी ही मोठी वाट आहे. ती अरुंद झाली की रक्तातलं औषध वाढतं आणि लिहिलेला डोस वाटतो त्याहून जड पडतो. बाईनं लघवीसाठी, सुजेसाठी डॉक्टर गाठलेले असतात. डोळ्याचा संबंध किडनीशी असेल हे तिच्या ध्यानीमनीही नसतं. त्यात तिचा काहीच दोष नाही.

डोस बसवायचा कसा? 48 किलोला रोजची मर्यादा 240 मिलिग्रॅम, म्हणजे आठवड्याला 1680. रोज सारखाच घ्यायला हवा असं काही नाही. औषध शरीरात आठवडेच्या आठवडे टिकतं, म्हणून आठवड्याचा हिशेब केला तरी चालतो. 200 च्या आठ गोळ्या आठवड्याला घेतल्या तर 1600 होतात. म्हणजे रोज एक, आणि रविवारी दोन. किलोमागे 4.8 पडतं, मर्यादेच्या आत. सोमवार ते शनिवार एक आणि रविवारी दोन हे वाक्य चिठ्ठीवर मावतं आणि घरच्यांना पाठही होतं. इथं उलट्या बाजूची सावधगिरीही हवी. डोळ्याच्या भीतीनं डोस अर्ध्यावर आणला तर आजार उसळण्याची शक्यता वाढते, हे अलीकडच्या निरीक्षणांत दिसलेलं आहे. त्यामुळे हा फेरबदल रुग्णानं घरी करायचा नाही, संधिवाताच्या डॉक्टरांनी वजन आणि किडनी पाहून करायचा.

आता तपासणीकडे येऊ, कारण सगळा गोंधळ तिथंच आहे. अमेरिकेच्या नेत्रतज्ज्ञ संघटनेनं 2016 मध्ये सांगितलेला क्रम असा. औषध सुरू झाल्यावर वर्षभरात एकदा पडदा पाहून घ्यायचा, म्हणजे आधीपासूनचा काही आजार असेल तर कळेल. जोखमीचं काही नसेल तर पाच वर्षांनंतर दरवर्षी पूर्ण तपासणी. डोस जास्त असेल, किडनी कमजोर असेल, टॅमॉक्सिफेन असेल किंवा पडद्याचा आधीचाच आजार असेल, तर पाच वर्षं थांबायचं नाही. ब्रिटनच्या नेत्रतज्ज्ञांनीही पाच वर्षांनंतर दरवर्षी आणि जोखीम असलेल्यांना एका वर्षानंतरच असं सांगितलं, पण 2020 च्या सुधारित मसुद्यात त्यांनी सुरुवातीची तपासणी वगळली. तिथल्या यंत्रणेचा विचार करता ते ठीक असेल. आपल्याकडे मला ते पटत नाही. इथं मधुमेह, मोतीबिंदू आणि जुने पडद्याचे डाग हे सगळं एकाच डोळ्यात सापडतं. सात वर्षांनी एखादा डाग दिसला तर तो औषधाचा की आधीचा, हे ठरवायला सुरुवातीचा एक कागद हाताशी लागतो. तो नसेल तर विनाकारण औषध बंद होतं, किंवा खरी इजा 'जुनंच आहे' म्हणून सोडून दिली जाते.

पूर्ण तपासणी म्हणजे मुख्यतः दोन गोष्टी. पहिली ओसीटी. हनुवटी टेकवायची, एका खुणेकडे पाहायचं आणि यंत्र प्रकाशाच्या साह्यानं पडद्याचा उभा छेद दाखवतं. कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर दिसतात. प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या पातळीवर एक उजळ रेघ असते, ती मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना तुटक किंवा पुसट झाली की संशय येतो. या तपासणीत रुग्णाला काही सांगावं लागत नाही, म्हणून तिच्यात फसगत कमी. दुसरी फील्ड टेस्ट. अर्धगोलाकार पांढऱ्या भांड्यात पाहत राहायचं, इकडेतिकडे बारीक दिवे चमकतात, दिसला की बटण दाबायचं. एका डोळ्याला काही मिनिटं लागतात आणि ती मिनिटं कंटाळवाणी असतात. एखादा दिवा हुकला म्हणून बाई घाबरते, मग दिसला नसतानाही बटण दाबते. ती घाई कागदावर उमटते. तपासणीआधी तंत्रज्ञानं दोन वाक्यं सांगितली की 'काही दिवे दिसणारच नाहीत, ते ठरवूनच ठेवलेले असतात', तर अर्धी चूक टळते.

गरज पडली तर पडद्याचा आपोआप चमकणारा प्रकाश टिपणारं छायाचित्र आणि पडद्याच्या विजेची नोंद घेणारी तपासणीही असते, पण ती सगळीकडे मिळत नाही. नुसता पडद्याचा रंगीत फोटो, रंग ओळखण्याचे तक्ते किंवा चौकटी-चौकटींचा कागद यांवर भिस्त ठेवू नये. त्यांत जे दिसतं ते उशिरा दिसतं.

एक बारकावा मात्र आपल्या वाचकांसाठी सगळ्यात मोलाचा आहे, आणि तो अमेरिकन पुस्तकं वाचून सुटून जाऊ शकतो. फील्ड टेस्टचे नकाशे वेगवेगळे असतात. '10-2' नावाचा नकाशा मधल्या दहा अंशांतच, पण दाट ठिपक्यांनी पाहतो. '24-2' आणि '30-2' हे नकाशे चोवीस आणि तीस अंशांपर्यंत जातात, ठिपके विरळ असतात. गोऱ्या रुग्णांत इजा सहसा मध्यबिंदूला लगटून होते, तिथं 10-2 उत्तम. पण 2015 मध्ये मेलेस आणि मार्मर यांनी दाखवलं की आशियाई मुळाच्या ज्या रुग्णांना इजा झाली, त्यांच्यातल्या निम्म्यांत ती मध्यापासून दूर, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कमानीजवळ होती. गोऱ्यांत हेच प्रमाण अवघं दोन टक्के होतं. अशा रुग्णाचं नुसतं 10-2 केलं तर कागद स्वच्छ येतो. मधल्या सहा मिलिमीटरचा ओसीटीही स्वच्छ येऊ शकतो. रिपोर्टवर 'सामान्य' लिहिलेलं असतं, आणि इजा त्या कागदाच्या चौकटीबाहेर चालू असते. म्हणून आशियाई रुग्णांत 24-2 किंवा 30-2 आणि कमानीपर्यंत पोचणारा रुंद ओसीटी करावा असा सल्ला आहे. त्या अभ्यासातले आशियाई लोक भारतीयच होते असं समजू नये, पण स्वच्छ वाटणाऱ्या कागदावर विसंबण्यापेक्षा पाच मिनिटं जास्त दिलेली बरी. नागपूरला जाणाऱ्या रुग्णानं चिठ्ठीवर फक्त 'डोळे तपासा' असं न लिहून घेता 'एचसीक्यूसाठी, 24-2 फील्ड आणि रुंद ओसीटी' असं लिहून घ्यावं. एवढ्या एका ओळीनं समोरच्याला नेमकं काय शोधायचं ते कळतं.

खाप्याहून नागपूर पस्तीसेक किलोमीटर. अंतर फार नाही, पण एक दिवस मोडतो, आणि बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर परत येताना एसटीच्या पाटीवरचं नावही धड वाचता येत नाही, म्हणून सोबत कुणी लागतं. घरचं माणूस रोजावर जाणारं असेल तर दोन रोज बुडतात. मोठ्या सरकारी दवाखान्यांत, म्हणजे मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स, डोळ्यांचे विभाग आहेत. पण जाण्याआधी फोन करून 'फील्ड टेस्ट त्याच दिवशी होईल का' हे विचारायला हवं. ओसीटी एका दिवशी आणि फील्डची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली की दुसऱ्यांदा कुणी जात नाही. वर्षातून एकदाच जायचं असेल तर दोन्ही कागद एकाच फेरीत हाती यावेत, हे डॉक्टरांनीही लक्षात घ्यायला हवं.

आपल्या उदाहरणातल्या बाईकडे परत येऊ. नवव्या वर्षी ती जाते. पहिलं फील्ड वाईट येतं, दोन्ही डोळ्यांत विस्कळीत ठिपके हुकलेले. पण कागदावरच यंत्रानं खूण केलेली असते की ती मध्यावरून नजर वारंवार हलवत होती. तिचे डोळे कोरडेही आहेत. ल्युपस आणि आमवातात कोरडे डोळे फार आढळतात आणि कोरड्या डोळ्याला दिवा धूसर दिसतो. अशा कागदावरून कुणी 'औषधानं डोळे गेले' असं सांगून गोळी बंद केली तर ते घाईचं होईल. एका तपासणीवर निर्णय घ्यायचा नाही, एक रुग्णाच्या सांगण्यावर चालणारी आणि एक तिच्या सांगण्याशिवाय होणारी अशा दोन्ही तपासण्यांत तोच दोष दिसायला हवा, हे सूत्र इथं उपयोगी पडतं. काही आठवडे डोळ्यांत ओलाव्याचे थेंब घालून फील्ड पुन्हा केलं. विस्कळीत ठिपके बहुतेक गेले. पण दोन्ही डोळ्यांत नाकाकडच्या वरच्या बाजूला चार-पाच ठिपके त्याच जागी पुन्हा हुकले. डोळ्यात प्रतिमा उलटी पडते, म्हणून वरचा नाकाकडचा दोष म्हणजे पडद्याचा खालचा, कानाकडचा भाग. रुंद ओसीटीत बरोबर तिथंच उजळ रेघ पुसट दिसली. 10-2 केलेलं असतं तर यातलं काहीच दिसलं नसतं. या बाईला स्वतःला अजूनही काही जाणवत नाही. सुई ओवते, वाचते, रस्ता ओलांडते.

आता सल्लामसलत दोन डॉक्टरांत व्हायला हवी, पडद्याच्या आणि संधिवाताच्या. 2021 मध्ये अमेरिकेच्या संधिवात, त्वचा आणि नेत्र या तिन्ही क्षेत्रांतल्या संघटनांनी मिळून जे निवेदन काढलं त्याचा रोखच असा होता की सीमारेषेवरच्या निष्कर्षावरून औषध थांबवू नये आणि निर्णय दोघांनी मिळून घ्यावा. इथं निष्कर्ष सीमारेषेवरचा राहिलेला नाही. डोस बरीच वर्षं जास्त होता, किडनी कमजोर आहे, दोष दोन्ही तपासण्यांत एकाच जागी आहे. औषध थांबवून दुसरं, बहुधा मायकोफेनोलेट किंवा अझाथायोप्रिन, बसवावं लागेल. ते हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची सगळी जागा भरून काढत नाही, म्हणून पुढचे महिने लघवी आणि रक्त बारकाईनं पाहावं लागतं. डोळ्याकडेही. गेलेल्या पेशी परत येत नाहीत, आणि औषध शरीरातून हळूहळू जात असल्यानं ते थांबल्यावरही काही काळ इजा पुढे सरकू शकते. रंगद्रव्याचा थर शाबूत असताना पकडलं, तर ती फारशी सरकत नाही. तो उडाल्यावर पकडलं तर गोळी बंद करूनही वर्षानुवर्षं सरकत राहते. दरवर्षीची तपासणी करायची ती या फरकासाठी. या बाईच्या बाबतीत वेळ बहुधा साधली गेली आहे. तिचं वाचन टिकेल.

तिच्या शेजारची दुसरी बाई मात्र वेगळी असेल. तिचं 55 किलो वजन, आमवात, सातवं वर्ष, डोस 200, किडनी चांगली. किलोमागे 3.6 पडतं. तिला वर्षातून एकदा नागपूरला जाणं पुरे आहे, आणि कागद स्वच्छ आला तर वर्षभर निश्चिंत राहायला हरकत नाही. ल्युपसच्या बाईचं ऐकून तिनं गोळी सोडली, तर पुढच्या पावसाळ्यात तिला भांडं उचलता येणार नाही. गावात एकाची गोष्ट दुसऱ्याला लागू करण्याची सवय फार, आणि या औषधाच्या बाबतीत ती नेमकी चुकीच्या ठिकाणी लागते.

आकड्यांच्या अंगानं पाहिलं तर खाप्यात हे रुग्ण किती असतील? भिगवणमध्ये 1996 पासून डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटानं घरोघरी जाऊन सांधेदुखीची जी पाहणी केली, तीत आमवाताचं प्रमाण साधारण अर्धा टक्का निघालं होतं. ल्युपस त्याहून पुष्कळच दुर्मीळ. पण भारतात या गोळीचे ग्राहक तेवढेच नाहीत. 2014 मध्ये आपल्याकडे औषध नियंत्रकांनी ती मधुमेहात जोडगोळी म्हणून वापरायला मान्यता दिली, डोस रोज 400 मिलिग्रॅम. मधुमेहात किडनी आणि पडदा दोन्ही आधीच धोक्यात असतात. चिकुनगुन्याच्या साथीनंतर सांधे धरलेल्यांनाही ती दिली जाते. त्यांच्यात सहसा काही महिन्यांचाच प्रश्न असतो, डोळ्याची चिंता नको. पण गोळी थांबवायची राहून गेली आणि तीच चिठ्ठी दुकानात दाखवून चार वर्षं चालू राहिली, तर तो दीर्घकाळचाच रुग्ण होतो. 2020 च्या मार्चमध्ये कोरोनाच्या भीतीनं ही गोळी लोकांनी साठवली, ल्युपसच्या रुग्णांना मिळेनाशी झाली आणि सरकारला ती कडक नियमाखाली आणावी लागली. त्या गदारोळात एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं की ही गोळी हृदयाला वाईट. डोळ्याची गोष्ट मागेच राहिली.

तेव्हा खाप्यातल्या औषधांच्या दुकानदारानं, गावातल्या डॉक्टरनं किंवा आशाताईनं काय पाहावं? रुग्णाच्या फाइलच्या पहिल्या पानावर चार ओळी असतात का ते. गोळी सुरू झाली ती तारीख. आजचं वजन, आणि त्यावरून निघणारा आठवड्याचा गोळ्यांचा आकडा. शेवटचं क्रिएटिनिन. आणि शेवटचं फील्ड कोणत्या साली, कोणत्या नकाशावर झालं. त्या पानावर '24-2' असा आकडा नसेल आणि औषधाला पाच वर्षं होऊन गेली असतील, तर 'मागच्याच साली नंबर काढला' हे उत्तर ऐकून घ्यावं आणि नागपूरची चिठ्ठी लिहावी.